एकाच रूपाचे पाचशे क्षण

विद्युत्संकेत जेव्हा १०० पिकोसेकंदांत शून्यावरून शिखरावर चढतो, तेव्हा त्याचे चित्र काढणार कसे? पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. एवढ्या वेळात दहा मोजमापे घेऊन ती साठवणारे यंत्र घडविणे फार कठीण. परंतु संकेत पुनःपुन्हा तसाच येत असेल, तर घाई करण्याचे कारणच उरत नाही. १९५० साली फिलिप्स कंपनीचे यान्सेन यांनी याच विचारावर आधारलेला ऑसिलोस्कोप वर्णिला.

समजा, संकेत दर १० मायक्रोसेकंदांनी येतो आणि त्यातील ५ नॅनोसेकंदांचा भाग पाहावयाचा आहे. पहिल्या आवर्तनात इशारा मिळताच यंत्र एकच नमुना घेते. दुसऱ्या आवर्तनात ते १० पिकोसेकंद अधिक थांबते, तिसऱ्यात २०. अशा ५०० आवर्तनांतून ५०० बिंदू जमतात आणि चित्र पुरे होते. त्याला लागतात ५ मिलिसेकंद. म्हणजे घटना दहा लाख पट संथ झाली. ट्यूबलाइटखाली फिरणारा पंखा कधी कधी सावकाश फिरताना भासतो, त्याचे हे शिस्तबद्ध रूप.

नमुना घेणारे डायोडचे दार मात्र चपळच हवे. ते काही दशक पिकोसेकंदच उघडते आणि तेवढ्यात इवल्याशा कपॅसिटरवर विद्युत्दाब टिपते. पुढे तो सावकाश मोजता येतो. दार उघडे राहण्याचा काळ चढणीपेक्षा मोठा असेल, तर कितीही बिंदू घेतले तरी चढण पुसटच दिसणार.

खरी फसगत इशाऱ्याच्या वेळेत होते. इशारा कधी थोडा आधी, कधी थोडा नंतर आला, तर चित्राचे सपाट भाग रेखीव राहतात आणि उभी चढण तेवढी जाडसर, विस्कटलेली दिसते. याउलट साधा गोंगाट सर्वत्र सारखाच पसरतो. दोहोंतला भेद असा ओळखता येतो. अनेक चित्रांची सरासरी काढली की गोंगाट निवळतो, पण डळमळीत वेळेची सरासरी चढणीला मुळापेक्षा मंद दाखवते. रेघ स्वच्छ झाली म्हणून तंत्रज्ञ निश्चिंत होतो आणि निर्दोष मंडलाला दोष देतो! म्हणून सरासरी काढण्यापूर्वी विखुरलेले बिंदू एकदा पाहिलेच पाहिजेत.

पडद्यावरची रेघ कोणत्याही एका संकेताची नसते, ती पाचशे संकेतांतून वेचलेली असते. हजारांत एकदाच उद्भवणारा बिघाड तीत बहुधा सापडतच नाही. सापडलाच तर रेघेपासून दूर पडलेला एखादा बिंदू म्हणून, आणि तो सरासरीत विरून जातो. असा बिघाड शोधायचा तर एकाच फेरीत सारे नमुने घेणारा, महागडा ऑसिलोस्कोपच लागतो.