आजारातून उठणाऱ्याची चार वाक्ये



ताप उतरला, डॉक्टरांनी पथ्याचा कागद लिहून दिला आणि भेटीस येणाऱ्यांची वर्दळ ओसरली, म्हणजे घरातील मंडळींच्या लेखी आजार संपतो. आजाऱ्याच्या लेखी मात्र तो संपलेला नसतो. आमची आक्का विषमज्वरातून उठली, तेव्हा हे मी जवळून पाहिले. तिच्या मुलाने मोठ्या हौसेने एका कागदावर 'मी पूर्ण बरी झाले आहे' असे वाक्य लिहून ते उशाशी चिकटविले आणि रोज वीस वेळा म्हणावयास सांगितले. तीन दिवस ती बिचारी म्हणत राहिली. चौथ्या दिवशी माजघरातून ओटीवर येताना तिचे गुडघे लटपटले. परत जाऊन तिने तो कागद काढला आणि मला म्हणाली, "अरे, देवासमोर तरी मला रोज वीसदा खोटे बोलावयास लावू नका."

वीस हा आकडा भाच्याने कोठून आणला, हे मला ठाऊक होते. फ्रान्समधील नान्सी येथे एमिल कुए (१८५७–१९२६) नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. मूळचा त्यांचा व्यवसाय औषधविक्रीचा. आपण दिवसेंदिवस सर्व बाजूंनी सुधारत आहो, अशा अर्थाचे एकच वाक्य ते लोकांना सकाळी जागे होताच व रात्री निजण्यापूर्वी पुटपुटावयास सांगत. मोजण्याकडे लक्ष गुंतू नये म्हणून वीस गाठींची दोरी हाती देत. आपल्याकडील जपमाळेची आठवण व्हावी अशीच ही योजना. दोरी चांगलीच, शंका आहे ती वाक्याविषयी.

कॅनडातील जोआन वुड व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपण प्रेमास पात्र आहो, असे वाक्य त्यांनी काही जणांस मनाशी घोकावयास लावले. ज्यांचे स्वतःविषयीचे मत मुळातच हलके होते, त्यांना ते घोकून बरे वाटण्याऐवजी उलट अधिकच वाईट वाटले. हे लोक आजारी नव्हते, हे खरे. पण आक्काच्या गुडघ्यांनी तिला जे सांगितले, ते याहून फार निराळे नव्हते. वाक्य उच्चारताच मनातून 'पण' असा शब्द उमटला, की ते वाक्य त्या दिवसापुरते निकामी समजावे.

मग आम्ही दोघांनी बसून वाक्ये नव्याने केली. पहिला नियम असा ठेवला, की शरीराच्या आत काय चालले आहे याविषयी एक अक्षरही बोलावयाचे नाही. ताप, रक्त, शक्ती यांचा हिशेब डॉक्टरांकडे. आपण बोलावयाचे ते हातापायांनी या क्षणी जे करीत आहो तेवढेच. भविष्यकाळही नको, कारण 'मी चालेन' म्हटले की उद्याचे देणे अंगावर येते. आणि नकारही नको. आपल्या मराठीत 'नाही' हा शब्द वाक्याच्या अगदी शेवटी येतो. 'मला भीती वाटत नाही' असे म्हणताना दुबळ्या माणसाच्या तोंडी आधी भीतीच येते, आणि कधी कधी धाप लागून ती तेथेच थांबते! म्हणून लांबीही एका सावकाश श्वासाएवढी.

सकाळी डोळे उघडल्यावर: 'उजाडले आहे. मी जागी आहे.' पानावर बसल्यावर: 'मी सावकाश जेवते.' जिन्यापाशी: 'मी कठडा धरते. मी एक पायरी चढते.' रात्री: 'दिवा मालवला आहे. मी विसावते.'

जिन्याच्या वाक्यावर आमचा थोडा वाद झाला. मी प्रथम 'मी जिना चढते' असे लिहिले होते. आक्का म्हणाली, "जिना बारा पायऱ्यांचा आहे. मी तिसरीवर बसले तर तुझे वाक्य खोटे पडेल." तिचे म्हणणे बरोबर होते. एका पायरीचे वाक्य प्रत्येक पायरीवर खरे होते आणि तिसरीवर बसले तरी खरेच राहते.

वाईट दिवसासाठी एक वाक्य निराळे ठेवले होते: 'आज थकवा आहे. मी आडवी होते.' हे निराशेचे वाक्य आहे असे भाच्यास वाटले. पण जे आहे ते म्हणावयास मुभा नसेल, तर आजारी माणूस घरच्यांसाठी बरे असल्याचे सोंग करू लागतो, आणि पुन्हा कणकण आली तरी ती सांगत नाही. तशी कणकण आली तर वाक्य बाजूस ठेवून डॉक्टरांस कळवावयाचे, हे आम्ही आधीच ठरविले होते. 'म्हटलेस का ग?' असे कोणी विचारावयाचे नाही, हेही ठरविले. हा नियम पाळणे मला सर्वांत जड गेले.

दोन-अडीच आठवड्यांनी मी गेलो, तेव्हा जिन्याचे वाक्य कागदावरून खोडलेले दिसले. केव्हा खोडले, हे तिला आठवेना. त्याखाली तिच्या वळणदार अक्षरात एक नवी ओळ होती: 'ताक मी घुसळते.' स्वयंपाकघरातून रवीचा आवाज येत होता.