धनाग्र कोणते, ऋणाग्र कोणते?

मराठीत ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतात. घोटाळ्याचे मूळ या नावांतच आहे. फॅराडेने १८३४ साली मूळ संज्ञा विद्युत् अपघटनासाठी वापरल्या. तेथे ॲनोड बाहेरील बॅटरीच्या धन टोकास जोडलेला असतो. म्हणून ‘धनाग्र’ हे नाव तेथे शोभते.

आता डॅनियलचा घट पाहा. त्यात जस्ताची कांडी विरघळते व इलेक्ट्रॉन मागे ठेवते. म्हणून ती ऋण असते. परंतु तिचे ऑक्सिडीकरण होत असल्याने ॲनोड तीच. तांब्यावर तांबे साचते. ते धन असूनही कॅथोड ठरते.

याच घटाला १.१ व्होल्टपेक्षा अधिक दाबाची बॅटरी उलट दिशेने जोडा, म्हणजे तिचे धन टोक तांब्यास व ऋण टोक जस्तास. चिन्हे तीच राहतात, पण प्रवाह उलटतो. आता तांबे विरघळते व जस्तावर जस्त साचते. तांबे ॲनोड झाले, जस्त कॅथोड.

तेव्हा चिन्हावरून नाव ठरवू नये. ऑक्सिडीकरण जेथे घडते तो ॲनोड, क्षपण जेथे घडते तो कॅथोड. ही व्याख्या दोन्ही घटांत टिकते.