वॉचमनच्या कामाचा कागद
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



बोलायला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय मी मागून घेतला आहे. मीटर रूमच्या दारावर प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद लटकतो, तो आपण सगळे रोज बघतो. वाचलेला किती जणांनी, ते विचारत नाही. तो कागद कसा झाला, ते सांगतो.

सोसायटी झाली तेव्हा मी खजिनदार होतो. वॉचमन ठेवायचा ठरला आणि नेमणूकपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. बँकेत जन्म गेला, म्हणून बहुधा. मी अर्धं पान लिहिलं. राखण, झाडलोट, पाणी सोडणे, आणि शेवटी एक कलम टाकलं : ‘सभासद वेळोवेळी सांगतील ती सर्व कामे.’ सगळ्यांना ते कलम फार आवडलं. त्या पत्रावर मामा कामाला लागले आणि जिन्याखालच्या खोलीत मामींसह राहू लागले.

पुढची गोष्ट मे महिन्यातल्या एका शुक्रवारची. महापालिकेची ती सूचना आपल्याला पाठ आहे : गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने. मामांनी नेहमीप्रमाणे सव्वासहाला पंप लावला. तेवढ्यात वरून हाक आली, स्टेशनला जायचंय, कोपऱ्यावरून रिक्षा आणा. रिक्षा मिळेना म्हणून मामा चौकापर्यंत गेले. वाटेत दुसऱ्या एका सभासदांनी दूध आणायला सांगितलं. खालच्या टाकीत आदल्या दिवशीचं उरलंसुरलं पाणी होतं, ते पहिल्या दहा मिनिटांत संपलं. पंप पुढे अर्धा तास कोरडा फिरला. सील गेलं, वाइंडिंग जळलं, आणि ऐन उन्हाळ्यात बारा बिऱ्हाडं दोन दिवस टँकरवर राहिली.

संध्याकाळी कमिटी बसली. पंपाचा खर्च मामांच्या पगारातून हप्त्याने कापावा, असा सूर होता. मी नेमणूकपत्राची फाइल काढली आणि माझंच कलम मोठ्याने वाचलं. रिक्षा आणणे हे सभासदांनी सांगितलेलं काम. दूध हेही. मामांनी पत्राप्रमाणे वागून पंप जाळला होता. चूक कागदाची होती, आणि कागद माझा होता. कपात झाली नाही.

मग मी दोन दिवस गेटपाशी खुर्ची टाकून बसलो. वही घेतली आणि मामा काय करतात ते वेळेसकट लिहिलं. सकाळी साडेपाचला सुरुवात आणि रात्री साडेअकराला शेवटची मोटार आत घेऊन कुलूप. त्यात धड जेवायलाही सलग वेळ नाही. पहिल्या दिवशी एकतीस हाका आल्या, त्यातल्या बावीस खासगी कामांच्या.

इथे थोडं गणित करू. आठवड्याचे तास 168. एका माणसाचा कामाचा आठवडा 48 तासांचा धरला, तर चोवीस तास पहाऱ्याला साडेतीन माणसं लागतात. बारा फ्लॅटच्या सोसायटीला ते झेपणारं नाही. आपल्याला परवडतो एक माणूस, म्हणजे दिवसाचे आठ तास. म्हणून पहिला निर्णय असा झाला की आपल्याला पहारेकरी नकोच, देखभाल करणारा माणूस हवा. रात्री गेट बंद असतं, मामा खोलीत झोपतात. आग, चोर, आजारपण असेल तर उठवायचं. उशिरा येणाऱ्याने आपली किल्ली वापरायची.

आठ तास मांडायचे ते पाण्याभोवती. मी गच्चीवर जाऊन टाकीच्या तोंडाशी वीस लिटरची बादली धरली, ती बारा सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला शंभर लिटर. आपली माणसं तेव्हा पंचेचाळीस. माणशी 135 लिटर धरले, तर दिवसाला सहा हजार. म्हणजे पंप दिवसात एक तास चालला की पुरे : अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी. याहून जास्त लावावा लागला, तर कुठेतरी नळ किंवा फ्लश गळतोय असं समजून शोध घ्यायचा.

त्यावरून कागदातलं पहिलं कलम झालं. पंप लावण्याआधी खालच्या टाकीत काठी घालून बघायची. काठीला लाल खूण आहे. पाणी खुणेच्या खाली असेल, तर पंप लावायचा नाही, कोणीही कितीही ओरडलं तरी. पंप चालू असेपर्यंत आवार सोडायचं नाही. पाणी ओढणाऱ्या पंपाचा आवाज भरीव असतो, कोरडा पडला की तो पातळ होतो आणि हात लावला तर अंग तापलेलं लागतं. आणि लाइट गेली की बटण आधी बंद करायचं. आपलं बटण साधं आहे, लाइट परत आली की पंप आपोआप सुरू होतो, मग खाली पाणी असो वा नसो.

बाकीचा दिवस सोपा आहे. सकाळी सहा ते दहा पहिली पाळी : पंप, जिने झाडणं, ‘स्वच्छ’च्या ताई आल्या की बादल्या खाली आणून देणं. ओला-सुका कचरा वेगळा करणं हे मामांचं काम नाही, ते घरातच व्हायचं. संध्याकाळी पाच ते नऊ दुसरी : पंप, जिन्याचे दिवे, पाहुण्यांची नोंद, शेवटी गेट. दुपारी खोलीचं दार वाजवायचं नाही. एक ते चारची महती पुणेकराला मी काय सांगावी! वामकुक्षी आपली तेवढी हक्काची आणि मामांची नाही, असं कसं?

दोन गोष्टींवर वाद झाला. काम सांगायचं ते फक्त सेक्रेटरींनी, हे काहींना जड गेलं. बँकेत एका शिपायाला बारा साहेब असले, तर त्याचं काय होतं ते मी पाहिलं आहे, म्हणून मी हटलो नाही. दुसरा वाद मोटारी पुसण्याचा. ते पाळीबाहेर, ज्याचं त्याने ठरवून, वेगळे पैसे देऊन. फ्लॅटच्या किल्ल्या मात्र मामांकडे ठेवायच्या नाहीत, हे सर्वानुमते झालं. त्यात अविश्वास नाही. काही हरवलं, तर पहिलं बोट त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून.

मसुदा मामांना वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली : ‘बुधवारी रात्री दोन्ही टाक्या तोंडापर्यंत भरून ठेवायच्या, हे लिवा.’ माझ्या दोन दिवसांच्या वहीत ते आलंच नव्हतं. मी बसलो होतो सोमवारी आणि मंगळवारी.

रविवार त्यांच्या सुट्टीचा. त्या दिवशी पंप सभासदांनी पाळीने लावायचा. सुरुवातीला चार रविवार वरची टाकी वाहिली. पैकी दोनदा पंप मी लावला होता.

येत्या रविवारी फ्लॅट नंबर सातची पाळी आहे. काठी मीटर रूममध्ये दाराच्या मागे आहे.