पायऱ्या उतरणारी रेघ

आज आम्ही एका रेघेबद्दल बोलणार आहोत. आरोग्याच्या अभ्यासात कागदावर एक रेघ दिसते. ती डावीकडे वर सुरू होते आणि उजवीकडे पायरी-पायरीने उतरत जाते. डॉक्टर तिला सर्व्हायव्हल कर्व्ह म्हणतात. आम्ही तिला जगण्याची रेघ म्हणू.

आपल्याच गडचिरोलीतलं उदाहरण घेऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५-९६ साली ३९ गावांत ७६३ नवजात बाळांवर घरोघरी लक्ष ठेवलं. त्यातली ४० बाळं २८ दिवसांच्या आत गेली. याची रेघ काढली तर ती शंभरावर सुरू होईल आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पंचाण्णवच्या जराशी खाली थांबेल. पण बाळं किती गेली एवढंच त्यातून कळतं. कधी गेली हे पायऱ्यांवरून कळतं.

आपण लहान हिशेब करू. हा आमचा मनाचा आहे, कुठल्या गावचा नाही. धरा, २० बाळं जन्मली. पहिल्याच दिवशी दोन गेली. रेघ शंभरावरून ९० वर आली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणी गेलं नाही, म्हणून रेघ सपाट. चौथ्या दिवशी १८ पैकी एक गेलं, रेघ ८५ वर.

सपाट म्हणजे काय? तेवढ्या दिवसांत, आपण पाहत होतो त्या बाळांपैकी कुणी दगावलं नाही, इतकंच. कुणी आजारी नव्हतं असं नाही. बाळाला ताप असेल, त्यानं दूध सोडलं असेल, तरी रेघ सपाटच राहते. ती फक्त मरण मोजते.

आता बाळंतीण माहेरी असते, मग सासरी जाते, हे आपल्याला नवीन नाही. दहाव्या दिवशी पाच बाया बाळं घेऊन दूरच्या गावी गेल्या. पुढं त्यांचं काय झालं, माहीत नाही. ती बाळं मेली असं लिहायचं नाही आणि जगली असंही नाही. दहाव्या दिवसापर्यंत ती जिवंत होती एवढं पक्कं, म्हणून तिथं रेघेवर बारीक उभी खूण करतात. रेघ उतरत नाही, पण पुढचा हिशेब १२ बाळांचा. बाराव्या दिवशी एक गेलं. म्हणजे १२ पैकी ११ राहिली, ८५ चे अकरा-बारांश केले की ७८ येतात. चौथ्या दिवशी एका बाळानं रेघ पाचनं उतरली होती, आता सातनं. बाळ एकच, पायरी मात्र मोठी, कारण पाहणीतली बाळं कमी झाली. शेवटी दोनच उरली आणि त्यातलं एक गेलं तर रेघ ७८ वरून ३९ वर आदळेल! म्हणून रेघेच्या शेवटच्या टोकाला घाबरू नका आणि ते सपाट दिसलं तर हुरळूनही जाऊ नका. खाली किती जणी-जणे उरले ते आकडे छापलेले असतात, ते आधी बघा.

एक खोट मात्र या हिशेबानं भरून निघत नाही. जी बाळं यादीतून गेली ती आजारी म्हणूनच शहरातल्या दवाखान्यात नेली असतील तर? मग मागं ठणठणीत बाळंच उरतात आणि रेघ खऱ्यापेक्षा वर दिसते. म्हणून गेलेल्यांचा पत्ता काढणं हे अभ्यासाचं कष्टाचं काम.

खऱ्या नवजात बाळांच्या रेघेत सर्वांत उंच पायरी पहिल्या दिवसाची असते. जन्मताना श्वास न घेणारी, फार आधी जन्मलेली बाळं तिथंच जातात. जगभरात महिन्याच्या आत जाणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. जंतुसंसर्गाच्या पायऱ्या मात्र पुढंही विखुरलेल्या असतात. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, घरी बाळंतपण झालं तर पहिल्याही दिवशी. आधी लवकर लवकर, मग अंतरानं, ते याचमुळं.

याच भेटींमुळं एक फसवी पायरीही येते. बाळ पाचव्या दिवशी गेलं, आशाताईला सातव्या दिवशी कळलं आणि तिनं सातवा लिहिला. अशी दहा घरं झाली की कागदावर सातव्या दिवशी मोठा खड्डा दिसतो आणि चार-पाच-सहा सपाट. पाहणारा म्हणेल, पाचवा दिवस सुखाचा आहे! तर घरात असं काही घडलंच, तर दुःखातही तिला नेमका दिवस सांगा. बाजाराचा वार, पाचवी की बारसं, जे आठवेल त्यावरून तारीख काढता येते.