लाजेची गोष्ट लिहिताना
(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या पत्रकासाठी पाड्यापाड्यांतून लेख येतात. शेठने कसं फसवलं, गार्डने पावती न देता दंड कसा घेतला, हे आपली पोरं चांगलं लिहितात. तारीख लिहितात, किती पैसे घेतले ते लिहितात, कोण काय बोललं ते लिहितात. पण ज्या गोष्टीत चूक लिहिणाऱ्याची स्वतःचीच असते, तिथं तीच पेन अडखळते. तारीख गळते, आकडा गळतो, दुसऱ्याचं बोलणं गळतं. म्हणून आज आम्ही फक्त तेवढ्यावरच बोलणार: आपली लाजेची गोष्ट कशी लिहायची, आणि तीत आपण वाईट दिसत असू तर तसंच वाईट कसं दिसू द्यायचं.

एक उदाहरण घेऊ. गांधीजींचं 'सत्याचे प्रयोग' आश्रमशाळेच्या कपाटात बहुतेक ठिकाणी असतं. ते पुस्तक १९२५ ते १९२९ या काळात 'नवजीवन' साप्ताहिकात थोडं थोडं करून छापून आलं, म्हणजे आपल्या पत्रकासारखंच. त्यात दक्षिण आफ्रिकेतल्या डरबन शहरातला एक प्रसंग आहे, साल १८९८. घर साहेबी पद्धतीचं होतं, खोल्यांना मोरी नव्हती. रात्रीच्या लघवीसाठी खोलीत भांडं ठेवायचे आणि सकाळी ते साफ करावं लागायचं. त्या घरात गांधीजींचे कारकूनही राहायचे. त्यातला एक नवीन आलेला ख्रिस्ती होता, त्याचे आईबाप अस्पृश्य समाजातले. त्याचं भांडं उचलायची पाळी कस्तुरबांवर आली. बाकीच्यांची भांडी त्या उचलायच्या, हे मात्र त्यांना सहन होईना. तरी त्यांनी उचललं. डोळे लाल, गालावर पाणी, हातात भांडं, अशा त्या जिना उतरत होत्या.

एवढ्यावर नवऱ्याचं समाधान झालं नाही. तिनं हे काम हसत करायला पाहिजे, असा त्याचा हट्ट. तो ओरडला, की हा तमाशा माझ्या घरात चालणार नाही. तीही म्हणाली, मग तुमचं घर तुम्हाला लखलाभ, मी जाते. त्यानं तिचा हात धरला, ओढत फाटकापर्यंत नेली आणि बाहेर काढायला फाटक उघडू लागला. तेव्हा ती रडत म्हणाली, की तुम्हाला काही लाज आहे का, या परक्या मुलखात माझे आईबाप नाहीत, मी जाऊ कुठं. बायको आहे म्हणून तुमच्या लाथा खायच्या का. फाटक लावा, लोक बघतील. त्यानं तोंडावर ताठा ठेवला, पण आतून लाजला, आणि फाटक लावलं.

हे सगळं त्यांनी स्वतःच लिहिलंय. त्यात लिहिणाऱ्यानं काय काय केलं, ते नीट बघू.

पहिली गोष्ट. त्यांच्याजवळ लपायला चांगली जागा होती. शिवाशिव पाळायची नाही, हा त्यांचा विचार बरोबरच होता. 'मी शिवाशिवीविरुद्ध लढत होतो, बायकोला ते समजत नव्हतं' असं लिहून ते मोकळे झाले असते, आणि वाचणाऱ्यानं मानही डोलावली असती. पण तसं केलं नाही. विचार बरोबर असला तरी हात धरून ओढणारा माणूस जुलमीच होता, हे दिसू दिलं. आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी हे जास्त लक्षात घ्यायला पायजे. आपल्याला लपायला कायम चांगलंच काम सापडतं. 'मोर्चाची घाई होती', 'लोकांसाठीच करत होतो'. काम खरं असतं, पण त्याच्या आडोशाला आपण बसलो की गोष्ट खोटी होते.

दुसरी गोष्ट. त्यांनी समोरच्या माणसाचं बोलणं ठेवलं. कस्तुरबांचे शब्द काढून टाकले आणि नुसतं 'मी रागाच्या भरात वाईट वागलो' एवढं ठेवलं, तर काय उरतं? काहीच दिसत नाही. फाटकाजवळची बाई दिसते ती तिच्या बोलण्यातून. आणि त्या बोलण्याला नवऱ्याकडं उत्तर नव्हतं, हेही तिथंच समजतं. ज्याला त्रास झाला त्याचं वाक्य, ज्याला आपल्याला उत्तर देता आलं नाही असं वाक्य, तेच लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं. लिहिताना नेमकं तेच गळतं.

तिसरी गोष्ट. त्या वेळी मनात काय पाहिजे होतं, ते लिहिलं. भांडं साफ होणं पुरेसं नव्हतं, तिनं हसावं हे पाहिजे होतं. हा हट्ट सांगायला लाज वाटते, कारण तो लहान आणि ओंगळ असतो. पण तो सांगितल्याशिवाय चूक का झाली ते समजत नाही.

आता आपल्याकडं येऊ. आपल्या मराठीत सुटायच्या वाटा भरपूर. आपण म्हणतो, 'माझ्या हातून चूक झाली.' म्हणजे चूक आपोआप झाली, आणि झाली ती हातातून. मी जणू बाजूला उभा होतो. 'अंगठा घेतला गेला.' कुणी घेतला? 'गैरसमज झाला.' कुणाचा, कुणी केला? आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे 'आम्ही'. हे भाषण 'आम्ही'तच चाललंय, कारण ते संघटनेच्या वतीनं आहे. पण लाजेच्या गोष्टीत एकट्यानं केलेलं काम 'आम्ही चुकलो' असं लिहिलं, तर एका माणसाचं ओझं शंभर जणांच्या डोक्यावर वाटलं जातं आणि कुणालाच ते जड होत नाही. तिथं 'मी' लिहावं.

एक गोष्ट बनवून बघू, म्हणजे कळेल. समजा, एका पाड्यात दहावी झालेला एक पोरगा आहे. पावसाळ्यात खायला दाणा नाही, म्हणून त्याच्या काकीनं शेठकडून दोन पोती भात खावटीला घेतलं. शेठनं कागद आणला. काकीनं पोराला सांगितलं, बाबा तू वाचून सांग. कागद कचेरीच्या भाषेत. 'सदर', 'मुदत', 'उपभोग' असले शब्द. पोराला अर्धं समजलं नाही. पण चार माणसं बघत होती. तो म्हणाला, 'बरोबर आहे, द्या अंगठा.' कागदात लिहिलं होतं, की काकीच्या माळाचं गवत तीन हंगाम शेठ कापणार. दिवाळीनंतर शेठची माणसं विळे घेऊन माळावर आली, तेव्हा काकीला समजलं.

हा पोरगा पहिल्यांदा कसं लिहील? असं: 'शेठने अवघड भाषेचा कागद करून आमच्या अडाणी काकीला फसविले. त्यावेळी मी लहान असल्याने माझ्या लक्षात आले नाही.' यातलं एक वाक्यही पुरतं खोटं नाय. शेठनं फसवलंच. पण काकी अडाणी झाली, पोरगा लहान झाला, आणि चार माणसांपुढं केलेला दिखावा गेला कुठं?

मग कुणी सांगितलं की खरं लिही, की तो दुसऱ्या टोकाला जाईल: 'मी पापी आहे, मी नीच आहे, मला आयुष्यभर क्षमा नाही.' हे वाचून लोक म्हणतात, अरे नको एवढं मनाला लावून घेऊ. म्हणजे कुरवाळणं पुन्हा त्यालाच. काकीचं गवत राहिलं बाजूला. छाती बडवणं हीही एक पळवाटच. ती ओळखायची खूण सोपी आहे: लेखात स्वतःला दिलेल्या शिव्या किती आणि घडलेली कामं किती, ते मोजा. शिव्या जास्त असतील तर त्या खोडा.

तिसऱ्यांदा त्यानं असं लिहावं: 'काकीने कागद माझ्या हातात दिला. मला निम्मे शब्द समजले नाहीत. येत नाही म्हणायची मला लाज वाटली, कारण पाड्यात मी शिकलेला म्हणून मिरवत होतो. मी म्हणालो, बरोबर आहे. दिवाळीनंतर काकी माझ्याकडे आली. म्हणाली, तू वाचलं होतंस ना? मी तिला म्हणालो, शेठने नंतर बदललं असेल.' इथं थांबावं. शेवटचं वाक्य सगळ्यात वाईट आहे, कारण त्यात दुसरं खोटं आहे. तेच ठेवायचं. 'पण त्या दिवसापासून मी शहाणा झालो' असं जोडायचं नाय. ते जोडलं की चूक शाळेच्या धड्यासारखी होते, आणि तिचा फायदाही आपल्यालाच मिळतो. काकीला तर गवत परत मिळालेलं नसतं.

गांधीजींनीही फाटकानंतर थोडं पुढं लिहिलंय, की आता मी तसा आंधळा नवरा राहिलो नाही, आणि बायकोच्या सहनशक्तीपुढं मीच हरत आलो. ते खरं असेल. पण आम्हाला वाटतं, फाटकापर्यंतचं लिखाण जितकं टोचतं, तितकं पुढचं टोचत नाही. आणि एक उणीव तर राहतेच. त्या सकाळची कस्तुरबांनी लिहिलेली गोष्ट आपल्याजवळ नाही. आपण वाचतो ती ओढणाऱ्याचीच.

म्हणून एक हद्द सांगतो. आपली लाज आपण मांडू शकतो, दुसऱ्याची नाही. काकी कर्जात का बुडाली, तिच्या घरात कोण दारू पितं, हे लिहायचा हक्क पोराला नाय. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं, तेव्हा त्यांच्याच समाजातले काही शिकलेले लोक रागावले, की आपली उकिरड्यातली जिनगानी जगापुढं कशाला मांडली. त्या रागात थोडं तथ्य असतं, ते हसण्यावारी नेऊ नये. पण लेखक स्वतःला त्यातून वाचवतो की नाही, ते आधी बघावं. जो स्वतःला वाचवून समाजाची लाज उघडी करतो, त्याचा लेख परत पाठवावा.

आता काम. ज्यांना असा लेख लिहायचाय, त्यांनी आधी कागदावर तीनच ओळी लिहाव्यात. मी काय केलं, 'मी'नं सुरू करून. त्या वेळी मला काय पाहिजे होतं. आणि ज्याचं नुकसान झालं ते माणूस काय बोललं, त्याच्याच बोलीत, वारली असो, कातकरी असो की कोकणा. मग बाकीचं लिहावं. लिहून झालं की पत्रकाकडं पाठवायच्या आधी त्या माणसाला वाचून दाखवावं. ते म्हणालं 'असं नव्हतं झालं', तर दुरुस्त करावं. ते म्हणालं 'हे छापू नको', तर छापायचं नाय. आणि वाचताना ज्या वाक्याला आपला आवाज बारीक होतो, त्या वाक्याखाली रेघ मारून ठेवावी. स्टेन्सिल कापायला बसू तेव्हा जागा कमी पडली, तर बाकीचं कापू, रेघ मारलेलं वाक्य ठेवू.

जिंदाबाद.