जेरंड आणि पार्टिसिपल : मराठीतून दिसणारा फरक



आजचा विषय ऐकून अनेकांना शाळेतला इंग्रजी व्याकरणाचा तास आठवला असेल. त्या तासाला बहुतेकांनी एक व्याख्या पाठ केली : क्रियापदाला ‘इंग’ लागून त्याचे नाम झाले तर जेरंड आणि विशेषण झाले तर पार्टिसिपल. व्याख्या चुकीची नाही. पण प्रत्यक्ष वाक्य समोर आले की ती फारशी उपयोगी पडत नाही, कारण इंग्रजीत ही दोन्ही रूपे अगदी सारखीच दिसतात. मराठीत मात्र ती सारखी नाहीत. म्हणून हा फरक मी मराठीच्या बाजूने मांडणार आहे.

दोन वाक्ये घेऊ. ‘ही इज स्विमिंग’ आणि ‘हिज हॉबी इज स्विमिंग’. दोन्हींत ‘इज स्विमिंग’ आहे. पहिल्याचे मराठी ‘तो पोहत आहे’ असे होते, तर दुसऱ्याचे ‘पोहणे हा त्याचा छंद आहे’ असे होते. पहिल्यात ‘पोहत’ हे रूप माणूस काय करतो आहे ते सांगते, ते पार्टिसिपल. दुसऱ्यात ‘पोहणे’ हे त्या क्रियेचेच नाव आहे, ते जेरंड. ‘णे’ आले, किंवा त्याचे सामान्यरूप होऊन ‘ण्याचा, ण्यासाठी, ण्यात’ आले, तर समजावे की मूळ शब्द जेरंड आहे. ‘णारा, त, ता, ताना’ आले तर तो पार्टिसिपल. आपल्या व्याकरणकारांनी पहिल्याला धातुसाधित नाम म्हटले आहे आणि दुसऱ्या गटाला धातुसाधित विशेषण व अव्यय.

आता भाषांतरकारांचे पाऊल नेमके जिथे घसरते ती जागा पाहू. ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहते पाणी. पाणी स्वतः वाहते, म्हणून हे पार्टिसिपल. ‘ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे मात्र पिणारे पाणी नव्हे, पिण्याचे पाणी. इथे जेरंड आहे. ‘स्लीपिंग चाइल्ड’ हे झोपलेले मूल असते, पण ‘स्लीपिंग बॅग’ ही झोपलेली पिशवी नसते, झोपण्याची असते. विद्यार्थ्यांच्या वहीत ‘वॉकिंग स्टिक’चे ‘चालणारी काठी’ झालेले मी अनेकदा पाहिले आहे. पुढच्या नामाला ‘हे स्वतः ती क्रिया करते का?’ असा प्रश्न विचारला की उत्तर मिळते. इंग्रजी बोलणाऱ्याच्या उच्चारातही हा फरक ऐकू येतो. ‘ड्रिंकिंग वॉटर’मध्ये जोर पहिल्या शब्दावर पडतो, ‘रनिंग वॉटर’मध्ये तो ‘वॉटर’वर जातो.

कधीकधी एकच वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येते. ‘व्हिजिटिंग रिलेटिव्ज कॅन बी बोअरिंग’ हे असे वाक्य आहे. नातेवाइकांकडे जाणे कंटाळवाणे असू शकते, की घरी येणारे नातेवाईक कंटाळवाणे असू शकतात? ‘कॅन बी’ हे क्रियापद एकवचनाला आणि अनेकवचनाला सारखेच चालते, म्हणून ते काहीच सांगत नाही. त्याच्या जागी ‘इज’ घातले की एकवचन आले, म्हणजे कर्ता ‘व्हिजिटिंग’, आणि तो जेरंड. ‘आर’ घातले की कर्ता ‘रिलेटिव्ज’, आणि ‘व्हिजिटिंग’ त्यांचे विशेषण. मराठीत हे वाक्य संदिग्ध ठेवताच येत नाही. ‘जाणे’ की ‘येणारे’ हे आधी ठरवावेच लागते, आणि ते ठरवताना आजूबाजूची वाक्ये वाचावी लागतात.

इंग्रजीत हा गोंधळ का झाला? मुळात तो नव्हता. जुन्या इंग्रजीत पार्टिसिपलला ‘एंदे’ हा प्रत्यय होता आणि क्रियेपासून नाम करायला ‘उंग’ किंवा ‘इंग’ हा वेगळा प्रत्यय होता. ११०० नंतरच्या काही शतकांत ‘एंदे’चे उच्चार बदलत गेले आणि शेवटी ते रूपही ‘इंग’मध्येच मिसळले. मराठीने दोन घरे वेगळी ठेवली, इंग्रजीने मधली भिंत काढली.

इथे गोव्यातल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. १९६१ पूर्वी पोर्तुगीजमधून शिकलेल्या पिढीला ‘जेरुंदियु’ ही संज्ञा ठाऊक होती. पण पोर्तुगीजमध्ये ती ‘कांतांदु’ या रूपाला लावतात, आणि त्याचा अर्थ ‘गात’, ‘गाताना’ असा होतो. म्हणजे मराठीच्या कसोटीने ते पार्टिसिपलच्या बाजूला पडते! ‘गाणे’ या नामासाठी पोर्तुगीज ‘कांतार’ हे मूळ रूपच वापरते. हे उलटेपण लॅटिनमुळे आले. लॅटिनमध्ये जेरंड हे नामच होते आणि त्याला विभक्ती लागत. त्यातल्या ‘गाण्याने’ अशा अर्थाच्या रूपाचा पुढे ‘गात’ असा अर्थ झाला. रूप टिकले, नाव टिकले, काम बदलले. संस्कृत शिकलेल्यांना तिसराच अनुभव येतो. इंग्रजीतून लिहिलेल्या संस्कृत व्याकरणांत ‘गत्वा’ला, म्हणजे आपल्या ‘जाऊन’ला, जेरंड म्हटलेले आढळते. म्हणून ‘जेरंड’ हा शब्द दिसला की आधी पुस्तक कोणत्या भाषेचे आहे ते पाहावे. आपण इथे इंग्रजीपुरते बोलतो आहोत.

‘इंग’ असलेले प्रत्येक नामही जेरंड नसते. ‘बिल्डिंग’ म्हणजे इमारत. ते आता पूर्ण नाम झाले आहे, त्याचे अनेकवचनही होते. जेरंड बाहेरून नाम असले तरी आतून क्रियापदच राहते. ‘डिगिंग द वेल क्विकली’ यात त्याला थेट कर्म आहे आणि क्रियाविशेषणही आहे : विहीर भराभर खोदणे. ‘द क्विक डिगिंग ऑफ द वेल’ म्हटले की मध्ये ‘ऑफ’ आले आणि क्रियाविशेषणाचे विशेषण झाले : विहिरीचे झटपट खोदकाम. ‘विहीर खोदणे’ आणि ‘विहिरीचे खोदकाम’ हा फरक ज्याला कळतो, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

या कसोटीच्या मर्यादाही सांगतो. ‘टू स्विम’चेही मराठी ‘पोहणे’च होते, त्यामुळे जेरंड आणि इन्फिनिटिव्ह यांतला फरक ती दाखवत नाही. शिवाय काही वाक्यांत मराठीच दोन उत्तरे देते. ‘शी स्पेंट द इव्हनिंग रीडिंग’ याचे ‘तिने संध्याकाळ वाचण्यात घालवली’ आणि ‘तिने संध्याकाळ वाचत घालवली’ अशी दोन्ही भाषांतरे बरोबर आहेत. पूर्वी इंग्रजीतही इथे ‘इन रीडिंग’ म्हणत, म्हणजे ते जेरंड होते. ‘इन’ गळले आणि रूप कुंपणावर बसले. अशीच वाक्ये पाहून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या इंग्रजी व्याकरणाने दोन्हींना मिळून ‘जेरंड-पार्टिसिपल’ असे एकच नाव दिले.

मग आपण हा भेद सोडून द्यावा का? इंग्रजीपुरते पाहणाऱ्याला तो सोडणे परवडेल. इंग्रजीतून मराठीत काही आणणाऱ्याला परवडणार नाही. त्याला प्रत्येक ‘इंग’पाशी थांबून ‘णे’ की ‘णारा’, ‘ण्यात’ की ‘त’, याचा निवाडा करावाच लागतो. जिथे दोन्ही चालतात तिथे कोणते निवडले, हे त्याला सांगता आले पाहिजे. नाहीतर मराठीत काठ्या चालू लागतात आणि पिशव्या झोपी जातात.