तेरा पैशांची अडचण

चिकोडीच्या बाजारात एक गिऱ्हाईक दुकानापुढे उभे आहे, अशी कल्पना करावी. त्याच्या बटव्यात तीन पैशांची आणि आठ पैशांची नाणी आहेत, आणि ती हवी तेवढी आहेत. दुकानदाराजवळ मात्र मोड मुळीच नाही. जिन्नसाची किंमत झाली तेरा पैसे. गिऱ्हाईक नाणी उलटसुलट मांडून पाहते, पण हिशेब काही जुळत नाही.

अशी नाणी एका हिशेबात कधीच नव्हती, हे खरे. जुन्या चलनातील चवली म्हणजे आठ पैसे. तीन पैशांचे षट्कोनी नाणे १९६४ साली निघाले, पण ते दशमान पद्धतीच्या पैशांचे होते. तेव्हा जोडी कल्पनेतली, पण गणित पक्के.

एकेक रक्कम तपासणारा माणसाला येथे हमखास चकवा बसतो. आठ जमतात, नऊ जमतात, दहा अडतात. पुढे अकरा म्हणजे एक आठ व एक तीन, आणि बारा म्हणजे चार तीन. लागोपाठ दोन रकमा साधल्या म्हणून तो निर्धास्त होतो, आणि तेरावर पुन्हा अडखळतो. निर्धास्त होण्यास लागोपाठ तीन रकमा साधाव्या लागतात. चौदा म्हणजे एक आठ व दोन तीन, पंधरा म्हणजे पाच तीन, सोळा म्हणजे दोन आठ. या तिन्हींत तीनाचे एकेक नाणे वाढवीत गेले की पुढची कोणतीही रक्कम सुटत नाही.

मग तेराच का अडतात? तिनांनी भागून उरलेली बाकी पाहावी. बाकी शून्य असेल तर तिनांनीच भागते. बाकी दोन असेल, तर आठाचे किमान एक नाणे हवे. म्हणून त्या रांगेत दोन व पाच अडतात, आठापासून वाट मोकळी होते. बाकी एक असेल तर आठाची दोन नाणी, म्हणजे सोळा पैसे, आधी टाकावेच लागतात. त्या रांगेत सोळाच्या मागचा आकडा तेरा, आणि तोच शेवटचा अडणारा. एक, दोन, चार, पाच, सात, दहा व तेरा, एवढ्या सातच रकमा अडतात.

दोन नाण्यांसाठी नियम असा, की गुणाकारातून दोन्ही किमती वजा कराव्यात: चोवीसातून अकरा गेले, तेरा उरले. इंग्रज गणिती सिल्व्हेस्टर यांचे नाव या नियमाशी जोडले जाते. मात्र दोन्ही किमतींना एकाहून मोठा सामाईक विभाजक नसावा. तीन आणि नऊ घेतले, तर एकशे एक पैसेही कधी चुकते होणार नाहीत, आणि अडणाऱ्या रकमांना शेवटच राहणार नाही.

शिवाय दुकानदार मोड देऊ लागला तर सारा पेचच उरत नाही: गिऱ्हाइकाने तीनाची तीन नाणी द्यावीत व आठाचे एक परत घ्यावे, की एक पैसा चुकता होतो. तेरासाठी तर तीनाची सात नाणी देऊन आठाचे एक परत घेतले म्हणजे झाले.